प्रभारीबाईंचा मसुदा

बाईंना आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळीकडे त्या प्रभारीबाई. डॉक्टर, नर्सा, औषधवाले, गेटवरचा वॉचमन, इतकंच काय, कुरिअरवालासुद्धा खालून हाक मारायचा, "प्रभारीबाईंची सही लागेल हो." आधीचा प्रशासक एका सकाळी टेबलावर किल्ल्या ठेवून आणि पाण्याची बाटली काखोटीला मारून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मी नोकरीला आलो होतो, रस्सीखेच खेळायला नाही." ट्रस्टच्या सेक्रेटरींनी त्याच दुपारी बाईंना बोलावून सांगितलं, "नवा माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा जरा." ते 'जरा' असं काही लांबलं, की कागदावरचं 'प्रभारी' बाईंना आडनावासारखं चिकटलं.

त्या आल्या होत्या रिसेप्शनवर, लग्नानंतर लगेच. मग बिलिंगला गेल्या, मध्येच पोस्टाने बीए केलं, मग ऑफिस सुपरिंटेंडेंट झाल्या. बांधा ठेंगणा, आवाज मात्र दोन मजले चढून जाईल असा. पर्समध्ये पेनाबरोबर एक स्क्रूड्रायव्हर. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, तिथून तो उचललेला. रिसेप्शनचा पंखा कुरकुरायला लागला की मेन्टेनन्सच्या माणसाची वाट न बघता त्या खुर्चीवर चढायच्या. कुणी म्हणालं, "अहो बाई, हे तुमचं काम आहे का?" तर म्हणायच्या, "काम कुणाचं ते नंतर ठरवू, आधी वारा तर येऊ दे."

लोकांना हे आवडायचं. कामाच्या ठिकाणी सगळं स्वतःच्या अंगावर घेणारं माणूस असलं की बाकीच्यांचं अंग हलकं राहतं.

घरी तर त्या केव्हाच मोठ्या साहेब झाल्या होत्या. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून सबंध दवाखाना चालवते. डॉक्टर लोक तिला विचारून ऑपरेशन करतात." बाई आतून ओरडायच्या, "अहो आई, असं नका हो सांगू, उद्या कुणाचं ऑपरेशन बिघडलं तर माझ्या नावावर." पण मनातून त्यांनाही ते पद हवं होतं. दारावरची पाटी, पक्की ऑर्डर आणि मुख्य म्हणजे ते 'प्रभारी' एकदाचं गळून पडायला हवं होतं. नवऱ्याला त्या म्हणाल्यासुद्धा होत्या, "किती दिवस दुसऱ्याचा कोट घालून फिरायचं? एक तर माझ्या मापाचा द्या, नाहीतर काढून घ्या."

तर त्या कोटाचं माप घ्यायची वेळ आली ती मानांकनामुळे.

हॉस्पिटल ट्रस्टचं, मध्यम आकाराचं. मानांकन मिळालं तर विमा कंपन्या दारात उभ्या राहणार, म्हणून सगळे हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. मुख्य तपासणीआधी एक तपासनीस चाचपणीला आला. मऊ बोलणारा, मान तिरकी करून ऐकणारा गृहस्थ. त्याने कर्मचाऱ्यांच्या फायली मागवल्या. प्रत्येक पदाचं जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे जेडी, हवं होतं: काम काय, कुणाच्या हाताखाली, शिक्षण आणि अनुभव किती, आणि खाली त्या माणसाची सही. लिफ्टमनचं होतं, स्वयंपाकघराचं होतं, लाँड्रीचं होतं. बाईंनीच सगळी करून घेतली होती. प्रशासकाचं मात्र आधीच्या माणसाने कुठल्याशा बड्या हॉस्पिटलातून जसंच्या तसं उतरवून फायलीला लावलेलं. ते कुणी वाचलंच नव्हतं. तपासनिसाने वाचलं. मान तिरकी करून विचारलं, "बाई, हेलिपॅड कुठल्या बाजूला आहे?"

बाईंना वाटलं, माणसाला बाथरूमला जायचंय आणि शब्द चुकतोय.

"काय म्हणालात?"

"यात लिहिलंय, प्रशासकाने हेलिपॅडची देखभाल करावी. म्हणून विचारतो."

मेट्रन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, कारण हसू दाबायचं तर कुठेतरी बघायला हवं. तपासनिसाने ठपका लिहिला. प्रशासकाच्या पदाचं या संस्थेला लागू पडणारं वर्णन नाही, तो कुणाला उत्तरदायी आहे ते स्पष्ट नाही.

सेक्रेटरींनी बाईंना बोलावलं. निवृत्त बँक मॅनेजर माणूस, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. "प्रभारीबाई, काम तुम्ही करता, तेव्हा लिहा तुम्हीच. पुढच्या आठवड्यात कमिटी आहे, तिथे मंजूर करू. मग जाहिरात आणि मग नेमणूक." शेवटच्या शब्दावर त्यांनी चष्म्यावरून असं काही बघितलं, की बाई जिना उतरताना दोन दोन पायऱ्या उतरल्या.

शनिवारी दुपारी त्या लिहायला बसल्या. 'कर्तव्ये' असा मथळा दिला आणि जे जे करत होत्या ते ते लिहीत सुटल्या. लिफ्ट बंद पडल्यास नातेवाइकांची समजूत काढणे. पाण्याचा टँकर आला की टाकी भरेपर्यंत उभे राहणे. डॉक्टरांची आपसात भांडणे झाल्यास चहा पाजणे. मृताच्या नातेवाइकांबरोबर बिलाच्या खिडकीवर उभे राहणे. रात्रपाळीला कुणी न आल्यास फोन करणे, फोन न उचलल्यास त्याच्या बायकोला करणे. पानं भरत गेली. मग 'आवश्यक अर्हता' आली, तिथे पेन जरा थबकलं, इकडेतिकडे बघून पुढे गेलं. कोणत्याही शाखेची पदवी. रुग्णालयातील रिसेप्शन, बिलिंग आणि कार्यालय या तिन्ही विभागांत प्रत्यक्ष काम केल्याचा दीर्घ अनुभव. त्यातला बहुतांश याच संस्थेतील असावा.

'अहवाल कोणाला' या मथळ्याखाली जागा मोकळी सोडली. त्याचा विचार करायला मन शांत हवं होतं.

सोमवारी त्यांनी कागद मेट्रनसमोर ठेवले. मेट्रन म्हणजे हॉस्पिटलातली एकमेव बाई जी बाईंना एकेरीत हाक मारायची. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, डबा एकत्र खाणाऱ्या. मेट्रननी चष्मा लावला, वाचलं, कागद खाली ठेवला.

"अगं, हे पद आहे की तुझं गाऱ्हाणं?"

"का? यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही, तेच तर. टँकरपाशी उभं राहायला प्रशासक कशाला? मेन्टेनन्सचा सुपरवायझर आहे ना, तो काय पगार घेऊन पेपर वाचतो? प्रशासकाने बघायचं की टँकर ज्याने बघायचा त्याने बघितला का. तू सगळ्यांची कामं ओढून आणलीस आणि त्याला पद म्हणतेस. जाहिरातीत हे छापलं तर माणूस अर्ज नाही करणार, स्वतःच पेशंट म्हणून दाखल होईल."

बाई हसल्या, पण टोचलं. "बरं, ते करते नीट. आणि अर्हता?"

मेट्रननी पुन्हा वाचलं. मग डब्यातला घास तोंडाजवळ नेऊन थांबल्या. "रिसेप्शन, बिलिंग, ऑफिस. आणि याच संस्थेतला अनुभव. खाली तुझा चप्पलचा नंबर पण टाक, म्हणजे चुकून दुसरं कुणी यायला नको."

"टाकू?"

"कमिटीला एवढं कळत नाही असं वाटतं तुला? हे माप बघून आंधळासुद्धा सांगेल शर्ट कुणाचा ते."

"मग मी काय करू गं? मोठी डिग्री लिहू? ती नाही माझ्याकडे. मग आपल्याच हाताने आपल्याला बाहेर काढू?"

 मेट्रननी आपल्या डब्यातला अर्धा भाग बाईंच्या झाकणात वाढला आणि विषय बदलला.

बाईंनी कर्तव्यं पुन्हा लिहायला घेतली. आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, की 'मी काय करते' हे खोडून 'हे कुणी करायला हवं' असं विचारलं, की पानं कशी झरझर गळतात. बिलिंग, रिसेप्शन, खरेदी, भांडार, मेन्टेनन्स, सुरक्षा, स्वच्छता, कर्मचारी विभाग: हे आठ विभागप्रमुख प्रशासकाच्या हाताखाली. वर्षाचं अंदाजपत्रक मांडायचं आणि खर्च त्यावर ठेवायचा. अग्निशमनाचा दाखला, एक्स-रेचा परवाना, जैविक कचरा उचलण्याचा करार, यांच्या मुदती संपण्याआधी नूतनीकरण. रुग्णांच्या तक्रारींचा निकाल. खाटा किती भरल्या, रुग्ण सरासरी किती दिवस राहिले, डिस्चार्जला किती वेळ लागला, याचे आकडे दर महिन्याला ट्रस्टपुढे. उपचारांत ढवळाढवळ नाही. सगळं दीड पानात बसलं. वाचल्यावर कळायचं की हे काम एका माणसाला करता येईल, पण त्या माणसाला काहीतरी यायला लागेल.

मग राहिला तो मोकळा मथळा. प्रशासक कुणाच्या हाताखाली?

या हॉस्पिटलात एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती पण सगळे पाळायचे. एखादी गोष्ट हवी असली की आधी वैद्यकीय संचालकांकडून 'हो' घ्यायचं, मग सेक्रेटरींकडून 'नाही' ऐकायचं आणि दोन्ही घेऊन प्रशासकाकडे यायचं. वैद्यकीय संचालकांना सगळे सर म्हणत. हाडांचे डॉक्टर, हात सोन्याचे, स्वभाव फटाक्याच्या माळेसारखा. ते सांगत 'आजच्या आज'. सेक्रेटरी सांगत 'तीन कोटेशनं'. दोघंही प्रशासकाचे साहेब. आधीच्या माणसाने रस्सीखेच म्हटलं ते यालाच.

ऑटोक्लेव्ह बंद पडलं तेव्हाचं बाईंच्या डोक्यातून जात नव्हतं. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं ते मोठं यंत्र. त्याचा हीटर जळला. सर म्हणाले, पार्ट आत्ता आणा, माझी यादी लागलीय. सेक्रेटरी म्हणाले, कोटेशनशिवाय मी सही करणार नाही, ऑडिटला तुम्ही उत्तर द्याल का? बाई दिवसभर या खोलीतून त्या खोलीत धावल्या. दुसऱ्या मजल्यावर खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी सकाळपासून उपाशी ठेवलेली होती. तिचं ऑपरेशन पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी ठेवलं, पुन्हा ढकललं. दोन्ही वेळा सांगायला बाईच गेल्या. दुसऱ्या वेळी म्हातारी नुसती म्हणाली, "आज पण नाही का गं? मग पाणी तरी दे." बाईंनी स्वतःच्या हाताने तिला पाणी पाजलं. त्या दिवशी सरांनी त्यांना झापलं, सेक्रेटरींनी झापलं, म्हातारीच्या मुलाने तर फारच झापलं. त्यातलं मुलाचं तेवढं त्यांना रास्त वाटलं होतं.

लिहायला बसणार तोच सेक्रेटरी स्वतः खाली आले. सहसा येत नसत. खुर्ची ओढून बसले.

"काय, कुठवर आलं?"

"रिपोर्टिंगपाशी अडलंय, साहेब."

"त्यात अडायचं काय? प्रशासक सेक्रेटरींच्या हाताखाली. खरेदी, नेमणुका, सगळं सेक्रेटरींच्या पूर्वमंजुरीने. एवढी ओळ टाका." ते जरा पुढे झुकले. "आणि अर्हतेचं मनाला लावून घेऊ नका. पदव्युत्तर पदवी 'किंवा त्यास समकक्ष अनुभव' असं मी मीटिंगमध्ये घालून घेतो. चार शब्दांचं तर काम आहे."

ते गेले आणि तासाभरात सर आले. ते बसत नसत. दारातच उभं राहून, हिरव्या टोपीची नाडी सोडवत म्हणाले, "हे बघा प्रभारीबाई, हॉस्पिटल पेशंटसाठी आहे, बँक नाही. प्रशासक माझ्या हाताखाली हवा, म्हणजे मी सांगितलं की झालं. तेवढं लिहा. तुमच्यासाठी मी भांडतो कमिटीत. डिग्री-बिग्री काय, मी तुम्हाला काम करताना बघितलंय."

बाई दोघांनाही "बरं साहेब", "बरं सर" म्हणाल्या. आयुष्यभर त्या हेच म्हणत आल्या होत्या. पण आज पहिल्यांदा दोन्ही 'बरं' एका कागदावर मावत नव्हती.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो जुनी मोटार उघडून बसला होता, बोटांना वॉर्निश.

"मग लिहून टाक ना सेक्रेटरींचं," तो म्हणाला. "चार शब्द तुला, एक ओळ त्याला. हिशोब सरळ आहे."

"आणि पुन्हा ऑटोक्लेव्ह बंद पडलं तर?"

"तेव्हा बघू. आधी खुर्ची तर घे."

"त्या खुर्चीवर बसून मीच पुन्हा सांगायला जायचं ना, आजी, आज पण नाही म्हणून."

"बाई गं," तो मोटार बाजूला ठेवून म्हणाला, "तू एकटीने हॉस्पिटल सुधारायचा मक्ता घेतलास का? लोक पदासाठी काय काय करतात. तुला तर नुसतं गप्प बसायचंय."

"तेच तर जमत नाही मला."

"ते लग्नापासून बघतोय," तो म्हणाला, आणि त्यावर सासूबाई आतून हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि ते कशाचं ते कळत नव्हतं.

सकाळी ऑफिसला जाऊन त्यांनी एका बैठकीत लिहून टाकलं. प्रशासक एकालाच उत्तरदायी राहील: ट्रस्टच्या सेक्रेटरींना. इतर कुणीही त्याला थेट आदेश देणार नाही. वैद्यकीय बाबींत वैद्यकीय संचालकांचा निर्णय अंतिम राहील. आणि त्याखाली: ज्या वस्तूवाचून रुग्णसेवा थांबते तिची लेखी मागणी वैद्यकीय संचालकांनी केल्यास, ट्रस्टने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतची तातडीची खरेदी प्रशासक स्वतःच्या सहीने करेल आणि सेक्रेटरींना त्याच दिवशी कळवेल.

सरांना प्रशासक मिळाला नाही, सेक्रेटरींच्या हातून पूर्वमंजुरी गेली. दोघांनाही पुरेसं न देणारी ओळ होती ती. बाईंनी ती पुन्हा वाचली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्यासाठी कमिटीत भांडणारं कुणी उरलेलं नाही.

मग अर्हतेचा मथळा. तिथे त्यांनी जुनं सगळं खोडलं. खूप वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं. शेवटी लिहिलं: मी स्वतः या पदासाठी अर्ज करू इच्छिते. त्यामुळे हा भाग मी लिहिणे योग्य नाही. तो कमिटीने ठरवावा.

कमिटीची खोली म्हणजे एक लांब टेबल, वर संस्थापकांचा फोटो आणि बंद न होणारा एसी. अध्यक्ष म्हणजे संस्थापकांची लेक, पांढरे केस बारीक कापलेली, बोलण्यापेक्षा वाचणारी बाई. एका बाजूला सेक्रेटरी, एका बाजूला सर, टोकाला मेट्रन. प्रभारीबाईंनी मसुदा वाचला. रिपोर्टिंगपाशी आल्या तशी सेक्रेटरींची तिन्ही पेनं खिशातून टेबलावर आली. सरांनी घड्याळ बघितलं.

"पूर्वमंजुरी दिसत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही, साहेब. तातडीच्या खरेदीला नाही."

"आणि मला एक बोल्ट हवा असला तर मी अर्ज लिहायचा?" सर म्हणाले.

"दोन ओळींचा, सर. ऑटोक्लेव्हच्या वेळी तो असता तर त्या आजींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी तरी झालं असतं."

 अध्यक्षबाईंनी ती ओळ पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केली आणि म्हणाल्या, "आधीचा प्रशासक का गेला ते मला आज कळलं. हे असंच राहू दे. पुढे?"

पुढे अर्हतेचा भाग आला. बाईंनी तोही जसाच्या तसा वाचला.  मेट्रननी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. मग मी तुम्हालाच विचारते. वर जी कामं लिहिलीत, त्यातलं काय येत नाही तुम्हाला?"

खोटं बोलायची ती नामी संधी होती. बाई म्हणाल्या, "माणसं सांभाळता येतात. तक्रारी, कर्मचारी, विभागांवर लक्ष, ते सगळं येतं. अंदाजपत्रक मी आकडे गोळा करून देते, पण त्यातून पुढच्या वर्षाचं काय ते अकाउंटंटला विचारते. परवाने कुणीतरी आठवण केली की होतात. आणि महिन्याचे ते आकडे मी भरते, पण ते वाढले की का वाढले, ते नेहमीच सांगता येत नाही."

सेक्रेटरी त्यांच्या चार शब्दांसाठी तोंड उघडतील असं बाईंना अजूनही वाटत होतं. सेक्रेटरी मोबाईल बघत होते. सर म्हणाले, "इथल्या माणसाला सूट द्यायला हरकत नाही," पण ते उठता उठता म्हणाले, खाली ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, पेशंट वाट बघत होता.

"सूट दिली तर तपासनीस पहिलं हेच विचारेल, कुणासाठी दिली," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी हे कठोरपणे म्हटलं नाही, पण लिहिलं ते ठाम. आवश्यक: रुग्णालय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, आणि एवढ्याच आकाराच्या रुग्णालयात जबाबदारीच्या जागेवरचा किमान पाच वर्षांचा अनुभव. इष्ट: मानांकनाचं काम केलेलं असल्यास प्राधान्य.

बाहेर पडल्यावर मेट्रननी त्यांना लिनन रूममध्ये ओढलं. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "बोलायचं होतं ना, सगळं येतं म्हणून! कोण परीक्षा घेणार होतं तुझी?"

"तूच म्हणालीस, शर्ट कुणाचा ते आंधळ्याला कळेल."

"शर्ट जरा सैल शिव म्हटलं होतं मी, अंगावरचा काढून देऊन टाक नव्हतं म्हटलं." आणि मग त्यांनी बाईंना घट्ट धरलं, कारण बाई एव्हाना एका घडी घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडत होत्या. आपण फार मोठं काही केलंय असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. सेक्रेटरींचा राग येत होता, अध्यक्षबाईंचा येत होता, सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा.

घरी सासूबाईंना त्यांनी दोन दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यांचंच नुकसान," आणि शेजारणीकडे जाणं आठवडाभर बंद ठेवलं.

जाहिरात निघाली. मुलाखती झाल्या. नवी प्रशासक आली ती पस्तिशीची, सडपातळ, केसांना क्लचर लावलेली, पायात बिनटाचेचे बूट. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातून आलेली. बाई पुन्हा ऑफिस सुपरिंटेंडेंट. पहिले काही दिवस त्यांनी तिला किल्ल्या दिल्या, माणसं दाखवली, आणि विचारलं तेवढंच सांगितलं. एरवी एका प्रश्नाला चार उत्तरं देणाऱ्या बाई 'हो', 'नाही' वर आल्या. मेट्रन म्हणाल्या, "अगं, तोंडात मिठाची गुळणी आहे का?" बाई म्हणाल्या, "हो, थुंकायला जागा शोधतेय."

मग एका सकाळी ओटीचा एसी बंद पडला. कॉम्प्रेसर गेला. आत उकाडा, सरांची यादी लागलेली. बाईंना त्यांच्या टेबलावरून सगळं ऐकू येत होतं. आधी सरांचा फोन: आजच्या आज. मग सेक्रेटरींचा: घाई नको, कोटेशनं मागवा. बाई आपोआप खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आता ही पोरगी धावणार, या खोलीतून त्या खोलीत.

ती धावली नाही. सरांना म्हणाली, "सर, दोन ओळी लिहून पाठवा, मी लगेच करते." सर फोनवर तडकले, मग दोन ओळी आल्या, त्यांच्या त्या किड्यामुंगीच्या अक्षरात. तिने ठरलेल्या कंपनीला फोन केला, ऑर्डरवर स्वतः सही केली आणि सेक्रेटरींना कळवलं. सेक्रेटरी म्हणाले, "माझी मंजुरी?" ती म्हणाली, "माझ्या जेडीत तातडीच्या खरेदीला ती लागत नाही, साहेब. ऑर्डरची प्रत पाठवलीय."  मग तिकडून "ठीक आहे" आलं.

दुपारी नवा कॉम्प्रेसर बसला. यादीतलं शेवटचं ऑपरेशन उशिरा झालं, पण झालं. बाई उगाचच दुसऱ्या मजल्यावर जाऊन आल्या. एका खाटेवरच्या बाईला ओटीत नेत होते, मागून तिची लेक चपला हातात घेऊन पळत होती. बाईंना बरं वाटलं आणि हेवाही वाटला. दोन्ही एकदम आली, वेगळी काढता येईनात.

खाली आल्या तर नवी प्रशासक त्यांच्या टेबलापाशी उभी. हातात बाईंचीच फाइल.

"ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या फायलीत तुमचं जेडी जुनं आहे, रिसेप्शनच्या वेळचं. तुम्ही नक्की कुणाच्या हाताखाली, काय काय करता, काहीच नाही. तपासनीस येतील तेव्हा..." ती घुटमळली. "तुम्ही लिहून द्याल? तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

बाईंनी पेन उचललं. सवयीने. मग खाली ठेवलं.

"मी नाही लिहिणार," त्या म्हणाल्या. "ज्याचं पद त्याने लिहू नये, फसायला होतं. तुम्ही लिहा. मी वाचून, भांडून, मग सही करते."

"चालेल," ती म्हणाली, आणि बाईंसमोरच खुर्ची ओढून बसली. कोरा कागद घेतला. "कर्तव्ये. बोला."

"टँकर," बाई म्हणाल्या.

"टँकर पण तुम्ही बघता?"

"बघत होते. ते मेन्टेनन्सला लिहा." बाईंनी खुर्ची तिच्या जवळ सरकवली. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज मूळच्या उंचीवर आला. "आणि पंखा पण. आधी काय काय नाही करायचं ते लिहून घ्या, मग बाकीचं थोडंच राहील."